फायर इन्स्पेक्शनचा रिपोर्ट आला, आता फॅसिलिटी हेडसाठी त्याचा सारांश कसा काढायचा

तालुक्याच्या गावी ट्रस्टचं शंभर खाटांचं हॉस्पिटल आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तिथं मी ऑफिसमधे काम करतो. मागच्या मार्चमधे आमच्याकडे फायरवाल्यांची तपासणी झाली अन् तिचा रिपोर्ट आला तो २३ पानांचा, ४१ शेरे. फॅसिलिटी हेड साहेबांनी तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, काय काय नाही, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच मला दोन पानात द्या. हे काम नव्यानं ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठी लिहून राहिलो, कारण याच्या आधीच्या वेळी मी ते चुकीचं केलं होतं. रिपोर्टातले शेरे त्याच क्रमानं टाईप केले आणि बहुतेकांपुढं "मेंटेनन्स विभाग" आणि "लवकरात लवकर" असं लिहून दिलं. महिन्यानं पाहिलं तर मागच्या जिन्याच्या दाराला रिपोर्टातलं तेच कुलूप तसंच लटकून होतं. कागदावर सगळं होतं, पण तो कागद वाचून सकाळी उठून काही करायला जावं असं कोणालाच वाटलं नव्हतं, कारण नेमकं कोणाचं काम तेच त्यात धड नव्हतं.

आधी कागद कोणता आहे अन् तारीख कोणती धरायची

रिपोर्ट हातात आला की लगेच एक्सेल उघडू नका. आधी पाहा की हा कागद नेमका आहे काय. आपल्याकडं तीन प्रकारचे कागद येतात आणि लोक तिन्हीला सरसकट "फायर ऑडिट" म्हणतात. एक, फायर अधिकाऱ्यानं स्वतः पाहणी करून दिलेला रिपोर्ट, ज्याच्यासोबत बऱ्याचदा त्रुटी दूर करायची नोटीस असते. दुसरा, आपणच पैसे देऊन एजन्सीकडून करून घेतलेलं ऑडिट. तिसरा, फॉर्म बी, म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली लायसन्सधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमधे घ्यायचं सर्टिफिकेट, की लावलेली यंत्रणा चालू हालतीत आहे. ऑडिटवाल्यानं लिहिलेली मुदत हा सल्ला असतो, नोटिसीतली मुदत मात्र कायद्याखालची असते आणि ती चुकली तर पुढची कारवाई होऊ शकते. त्यामुळं सारांशाच्या पहिल्याच ओळीत लिहा की हा कागद कोणाचा आणि कशाखाली आलेला आहे. हेडनं कोणत्या मुदतीला किती घाबरायचं ते तिथूनच ठरतं.

मग तारखा. आमच्या केसमधे पाहणी झाली ३ मार्चला, पत्रावर तारीख ११ मार्च, आणि आमच्या आवक रजिस्टरला ते चढलं १६ मार्चला. पत्रात लिहिलेलं, ३० दिवसांच्या आत पूर्तता करावी. आता हे ३० दिवस कुठून मोजायचे? पत्र मिळाल्यापासून धरले तर १५ एप्रिल, पत्राच्या तारखेपासून धरले तर १० एप्रिल, म्हणजे पाच दिवसाचा फरक, आणि त्यात १४ एप्रिल बाबासाहेबांची जयंती, त्या दिवशी आपल्याकडं ना मिस्त्री भेटत ना हार्डवेअरचं दुकान उघडं असतं. पत्राचं वाक्य नीट वाचा, "पत्र मिळाल्यापासून" आहे का "पत्राच्या दिनांकापासून" ते पाहा. आमच्या पत्रात दोन्हीपैकी काहीच नव्हतं, नुसतं "३० दिवसांत". मी फायर कार्यालयात फोन करून विचारलं, तिथले साहेब दौऱ्यावर होते, म्हणून मी १० एप्रिल धरली. शंका असली की आधी येणारी तारीख धरायची आणि सारांशात तसं लिहून ठेवायचं की ही तारीख अमुक कारणानं धरली आहे. आवक शिक्का असलेल्या पानाची झेरॉक्स सोबत लावा.

एका शेऱ्यातून किती कामं निघतात ते पाहा

खरं काम इथं आहे. तपासणी करणारा माणूस फिरत फिरत लिहितो, एका खोलीत जे दिसलं ते सगळं एका परिच्छेदात. आमच्या रिपोर्टातला १२ नंबरचा शेरा असा होता: "पंप रूममध्ये पाहणी केली असता मेन पंप मॅन्युअल मोडवर आढळला, जॉकी पंप बंद, डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, टाकीतील पाण्याची पातळी निम्मी असून शेवटच्या हायड्रंटवर पुरेसा दाब मिळाला नाही. यंत्रणा सुस्थितीत ठेवावी."

जुन्या पद्धतीनं मी लिहिलं असतं, "पंप यंत्रणा दुरुस्त करणे, मेंटेनन्स, ३० दिवस." यातून कोणालाच काही कळत नाही. हा शेरा फोडायचा असेल तर ही यंत्रणा चालते कशी ते थोडं समजून घ्यावं लागतं, आणि ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, पंप रूममधे अर्धा तास उभं राहिलं तरी पुरतं.

हायड्रंटची, म्हणजे आग विझवायचा पाईप जोडायच्या नळांची, लाईन कायम पाण्यानं भरलेली आणि दाबाखाली पाहिजे. लाईनमधे थोडंफार झिरपतंच, तेवढा कमी झालेला दाब भरून काढायला छोटा जॉकी पंप असतो. आग लागली आणि कोणी हायड्रंटचा व्हॉल्व्ह खोलला की दाब एकदम पडतो, प्रेशर स्विचला ते कळतं आणि मेन पंप आपोआप सुरू होतो. पण हे फक्त पॅनलवरचा स्विच ऑटोवर असला तरच. मॅन्युअलवर असेल तर वरच्या मजल्यावर माणूस पाईप धरून उभा राहील आणि खाली पंप रूममधे कोणीतरी पळत जाऊन बटण दाबेपर्यंत नोझलमधून चूळ भरण्याइतकंच पाणी येईल. आणि डिझेल पंप असतो तो लाईट गेली तर. आगीत बहुतेक वेळा आपणच मेन स्विच पाडतो किंवा लाईट आपोआप जाते, तेव्हा बॅटरी उतरलेला डिझेल पंप म्हणजे नुसतं लोखंड. आमच्या इथं नगर परिषदेची आगीची गाडी यायची ती २८ किलोमीटरवरून, वाटेत रेल्वे फाटक, तेवढा वेळ आमचा आम्हालाच काढायचा आहे, म्हणून हा शेरा मी सगळ्यात जास्त बारकाईनं पाहिला.

तर १२ नंबरमधे पाच गोष्टी आहेत. त्यातली शेवटची, म्हणजे दाब कमी, ही वेगळी त्रुटी नाही, आधीच्या चारांचा परिणाम आहे. आधीच्या चार दुरुस्त झाल्या की मग शेवटच्या, सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर गेज लावून दाब मोजायचा, तिथं साधारण साडेतीन किलो दाब मिळायला पाहिजे. म्हणजे तो शेरा "काम" म्हणून लिहायचा नाही, "काम झालं का हे तपासायची चाचणी" म्हणून लिहायचा. हा फरक सारांशात दिसला नाही तर मेंटेनन्सवाले दाब वाढवायला नवीन पंपाचं कोटेशन मागवतात, आमच्याकडं आधी तसं झालेलं आहे.

आता मोडचं घ्या. स्विच ऑटोवर टाकायचा, दोन सेकंदांचं काम, लिहून टाका इलेक्ट्रिकल विभाग, आज. पण मी पंप ऑपरेटरला विचारलं की तो मॅन्युअलवर गेलाच कसा. तो म्हणाला, "भाऊ, रात्री दर दहा-पंधरा मिनिटांनी पंप आपोआप चालू होऊन राहिला होता. मोटर जळंल तर मलाच विचारतील ना? म्हणून मीच मॅन्युअलवर टाकला अन् जॉकी बंद केला." म्हणजे खरी गोष्ट ही होती की जमिनीखालची लाईन कुठंतरी गळून राहिली होती. जॉकी पंप वारंवार सुरू-बंद होतोय म्हणजे लाईनमधून पाणी जातंय, हे ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे. ही गळती रिपोर्टात कुठंच नाही, कारण तपासणीच्या दिवशी पंप बंदच होते. नुसता स्विच ऑटोवर टाकून शेरा बंद केला असता तर चौथ्या रात्री तो परत मॅन्युअलवर गेला असता.

म्हणून प्रत्येक मोठ्या शेऱ्याला "हे असं का झालं" हा प्रश्न जागेवरच्या माणसाला विचारा, त्याच्या साहेबाला नको. जे सापडेल ते सारांशात वेगळ्या ओळीत लिहा आणि पुढं स्पष्ट लिहा "रिपोर्टात नाही, आमच्या पाहणीत आढळलं". अधिकाऱ्याच्या शब्दात आपले शब्द मिसळायचे नाहीत. उद्या कोणी विचारलं की हे फायरवाल्यांनी म्हटलं का तुम्ही, तर उत्तर कागदावर पाहिजे. आणि त्या ऑपरेटरचं नाव कुठंही लिहू नका, नाही तर पुढच्या वेळी तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

पाण्याच्या टाकीचंही असंच निघालं. मे महिन्यात बोअर आटते, टँकर उशिरा येतो, मग प्लंबर फायरच्या टाकीतून संडासाला पाणी देतो, सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही, पेशंटला पाणी तर द्यावंच लागतं. पण मार्चमधेच टाकी निम्मी म्हणजे ही सवय झालेली. टाकी भरून घेणं हे दोन दिवसांचं काम, प्लंबिंगचं. पण ती भरलेली राहावी यासाठी घरगुती वापराची सक्शन पाईप टाकीत वरच्या उंचीवर घ्यायची, म्हणजे पाणी त्या पाईपच्या खाली गेलं की वापराचा पंप हवा ओढतो आणि आगीसाठीचा खालचा साठा शिल्लकच राहतो. हे दुसरं काम, वेगळी तारीख.

जिथं एकच काम दहादा लिहिलंय तिथं ते एकत्र करा

फोडण्याच्या उलट हेही करावं लागतं. आमच्या रिपोर्टात फायर एक्स्टिंग्विशरबद्दल नऊ ठिकाणी नऊ शेरे होते, कारण तपासणीवाले साहेब नऊ वॉर्डांतून गेले. हेडला नऊ ओळी नको, एक ओळ पाहिजे आणि तिच्यात जागांची यादी. पण एकत्र करताना करणारा माणूस एकच आहे का ते पाहा. नऊपैकी पाच रिफिलची तारीख उलटलेले, ते एजन्सीचं काम. दोन सीओटूचे, वजन कमी भरलेले. आणि दोन सिलिंडर अगदी चांगले, फक्त त्यांच्यापुढं कपाट अन् व्हीलचेअर लावून ठेवलेल्या, म्हणजे ते काम त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं, पाच मिनिटाचं, बिनपैशाचं. हे सगळं "एक्स्टिंग्विशर रिफिलिंग" या एका ओळीत गेलं असतं तर कपाट एजन्सी येईपर्यंत तसंच राहिलं असतं.

सीओटूच्या वजनाबद्दल नव्या माणसाला सांगतो कारण इथं आमच्या स्टोअरवाल्यानं मला अडवलं होतं, म्हणे सगळे सिलिंडर चेक केले, गेज हिरव्यात आहे. पावडरच्या सिलिंडरला गेज असतं, सीओटूला नसतंच. त्याच्या नळकांड्यावर भरलेलं वजन कोरलेलं असतं, काट्यावर ठेवून तुलना करायची, आणि आतला गॅस दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाला असेल तर परत भरायचा. साडेचार किलो गॅसचा सिलिंडर असेल तर साडेचारशे ग्रॅम गेले की झालं. आम्ही तो भंगारवाल्याच्या काट्यावर नाही, आमच्याच किचनच्या काट्यावर ठेवला, एक ७०० ग्रॅमनं हलका, दुसरा ९०० ग्रॅमनं. सारांशात "वजन कमी" ऐवजी हे आकडे लिहिले, वाद संपला.

क्रम लावताना पानाचा क्रम विसरा

रिपोर्ट गेटपासून सुरू होतो आणि गच्चीवर संपतो. हेडला पहिल्या ओळीत ते दिसलं पाहिजे ज्याच्यामुळं आज रात्री माणूस मरू शकतो. मी चार ढीग करतो: माणसाला बाहेर निघता येणार नाही असं काही, आग लागल्याचं कळणार नाही असं काही, आग लागू शकेल असं काही, आणि मग विझवायची साधनं अन् कागदपत्रं. पंप रूमवर मी एवढं लिहिलं तरी सारांशात ती पहिली नाही. पहिलं आहे कुलूप.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. भंडारा आमच्यापासून फार लांब नाही. त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. म्हणून ज्या कामात नवजात कक्ष, आयसीयू, लेबर रूम येतं, जिथला पेशंट स्वतः उठून चालू शकत नाही, ते काम त्याच ढिगात सगळ्यात वर. आमच्याकडं मागच्या जिन्याचं दार हे नवजात कक्षाच्या बाजूचंच, आणि त्याला कुलूप, चावी रात्री वॉचमनकडं, आणि वॉचमन मेन गेटवर.

दुसरं डिटेक्टरचं. दिवाळीच्या आधी रंगकाम झालं तेव्हा पेंटरनं स्मोक डिटेक्टरवर प्लास्टिकच्या टोप्या लावल्या, त्या ११ ठिकाणी तशाच राहिल्या. पॅनल सगळं ओके दाखवतं, हिरवा दिवा, कारण डिटेक्टर जोडलेला तर आहेच, त्याला धूरच पोचत नाही. खाली उभं राहून वर पाहिल्याशिवाय हे कळत नाही. काम दहा मिनिटांचं, पण क्रमांकात पंपाच्या वर.

विभाग ठरवताना कोण हात लावणार ते विचारा

एका ओळीला एकच विभाग. "मेंटेनन्स/सिक्युरिटी/नर्सिंग" असं तिरक्या रेघा मारून लिहिलं की तिघंही दुसऱ्याची वाट पाहतात. मी स्वतःला विचारतो, उद्या सकाळी चावी, पाना किंवा पक्कड हातात घेऊन तिथं कोण उभं राहणार? तो विभाग. पैसे कोण मंजूर करणार, खरेदी कोण करणार, हे वेगळ्या कॉलममधे, "कोणाकडून काय लागेल" असं. बॅटरीची जबाबदारी इलेक्ट्रिकलची, खरेदी विभागाकडून मंजुरी लागेल. खरेदीला मालक केलं तर बॅटरी येऊन स्टोअरमधे पडून राहील, पंपाला कोणी जोडणार नाही. बाहेरची एजन्सी हाही विभाग नाही, एजन्सीला फोन करून बोलवणारा आपला माणूस हा विभाग.

कुलपाचं मात्र सरळ नव्हतं. सिक्युरिटी म्हणे आम्हाला नर्सिंगनं लावायला सांगितलं, नर्सिंग म्हणे नातेवाईक मागून येऊन वॉर्डात झोपतात, आणि खरंच पावसाळ्यात एकदा त्या दारातून गाय आत आली होती. दोघांचंही बरोबर. म्हणून ती ओळ मी दोन भागात लिहिली. आजचं काम, कुलूप काढणे आणि कायमचा उपाय होईपर्यंत त्या दारावर तिन्ही पाळ्यांत गार्ड, सिक्युरिटी विभाग. कायमचं काम, दाराला पुश बार बसवणे, म्हणजे आतून नुसतं ढकललं की उघडतं आणि बाहेरून उघडत नाही, सिव्हिल विभाग, २८ मार्च. असा आज आणि कायमचा फरक प्रत्येक गंभीर ओळीत करा. पक्कं काम होईपर्यंतच्या रात्री कशाच्या भरवशावर काढायच्या, ते कागदावर पाहिजे.

माणसाचं नाव लिहू नका, पद लिहा. आमचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर त्याच महिन्यात सोडून गेला, नाव लिहिलं असतं तर चार ओळी बेवारस झाल्या असत्या.

दोन तारखा, एक त्यांची एक आपली

"मुदत" असा एकच कॉलम ठेवाल तर फसाल. दोन ठेवा. एक, पत्रात दिलेली मुदत, ती जशीच्या तशी. दुसरी, त्या विभागानं स्वतःच्या तोंडानं दिलेली तारीख. ही दुसरी मी टेबलावर बसून लिहीत नाही, फोन करतो किंवा जातो, विचारतो की बाप्पा खरं सांग, कधी होईल. आणि पत्रात जिथं "तात्काळ" लिहिलंय तिथं तुमच्या कॉलममधे तारीख आणि वेळ पाहिजे, "१८ मार्च, संध्याकाळी ६ पर्यंत". "तात्काळ"चा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावतो.

दोन तारखा शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं कुठं गाडं अडणार. जमिनीखालच्या गळतीसाठी लाईनला टप्प्याटप्प्यानं दाब देऊन जागा शोधायची, मग पेव्हर काढून खणायचं, पाईप बदलायचा, एजन्सी नागपूरची, तीन कोटेशनचा नियम. सिव्हिलनं तारीख दिली २२ एप्रिल. पत्राची मुदत १० एप्रिल. बारा दिवस उशीर. ही गोष्ट तक्त्यात २३ व्या ओळीत लपवून ठेवायची नाही, ती पहिल्या पानावर वर येते, कारण इथं हेडला निर्णय घ्यायचा आहे: कोटेशनची अट सोडून थेट काम द्यायचं का, नाही तर फायर कार्यालयाला मुदतवाढीचं पत्र द्यायचं. ते पत्र मुदत संपायच्या आधी जायला पाहिजे, त्यात काय काय झालं, काय राहिलं, का राहिलं आणि तोपर्यंत काय व्यवस्था केली हे फोटोसकट. आमची व्यवस्था अशी, पंप ऑटोवर, जॉकी सुरू, आणि पंप रूममधे २४ तास माणूस, जो जॉकी किती वेळा सुरू झाला ते वहीत लिहील. या वहीचा पुढं फायदा झाला, एजन्सीला गळती किती आहे याचा अंदाज आधीच आला.

पान कसं दिसलं

वर चार ओळी, बाकी खाली तक्ता. आमच्या चार ओळी अशा होत्या:

शेरे ४१, त्यातून कामाच्या ओळी ३४. आज-उद्या करायच्या ५, मुदतीत होणाऱ्या २६, मुदत चुकणाऱ्या ३.
मुदत १० एप्रिल धरली आहे, पत्राच्या तारखेपासून.
आपला निर्णय लागेल: भूमिगत लाईन दुरुस्ती थेट द्यायची की मुदतवाढ मागायची, २० मार्चपर्यंत.
आपली सही लागेल: डिझेल पंपाची बॅटरी, पुश बार.

आणि तक्त्यातली एक ओळ, जशी होती तशी:

ओळ १. शेरा क्र. ७, पान ५. नवजात कक्षालगतच्या जिन्याच्या दाराला कुलूप. जबाबदार: सिक्युरिटी. पत्रातली मुदत: तात्काळ. विभागाची तारीख: १८ मार्च, संध्याकाळी ६. पुरावा: उघड्या दाराचा तारखेचा फोटो, गार्डची ड्युटी यादी. तपासणार: मेट्रन.

शेरा क्रमांक अन् पान नंबर कधीच सोडू नका, हेडला शंका आली की तो मूळ वाक्य काढून पाहतो. आणि शब्द मऊ करू नका. आमच्या एका विभागानं सुचवलं होतं की "कुलूप" ऐवजी "मार्ग अंशतः अनुपलब्ध" लिहा. कुलूप असेल तर कुलूपच लिहायचं.

पाठवण्याआधी एक मोजणी करा. रिपोर्टातला प्रत्येक शेरा क्रमांक तुमच्या तक्त्यात निदान एकदा तरी सापडला पाहिजे. १ पासून ४१ पर्यंत पेन्सिलीनं टिक मारत जा. मी मारल्या तर २७ आणि ३३ गायब. २७ हा वेगळा शेरा म्हणून लिहिलेलाच नव्हता, फोटोच्या खालच्या ओळीत होता, ऑक्सिजन मॅनिफोल्ड रूमच्या भिंतीला लागून रद्दी आणि पुठ्ठे रचलेले. ३३ होता शेवटच्या जोडपत्रात, हो-नाहीच्या चौकटींमधे एक "नाही", रात्रपाळीच्या स्टाफचं मॉक ड्रिल. फोटोखालचं अक्षर आणि जोडपत्रं लोक वाचत नाहीत, मी पण आधी वाचली नव्हती. पुठ्ठे त्याच दुपारी हलवले, ती ओळ हाऊसकीपिंगची.

ओळ बंद कधी म्हणायची

"झालं" असा फोन आला म्हणून ओळ बंद करायची नाही. पुरावा काय ते तक्त्यातच आधी लिहिलेलं असतं: दाराला फोटो, सीओटूला रिफिलनंतरचं वजन, डिटेक्टरला धूर देऊन पॅनलवर वाजल्याची नोंद, बॅटरीला नुसतं बिल चालत नाही, डिझेल पंप सुरू करून दाखवणं. आणि ज्यानं काम केलं त्यानंच तपासलं असं होऊ देऊ नका, त्यासाठीच शेवटचा कॉलम आहे. आम्ही दर सोमवारी हाच तक्ता परत हेडकडं पाठवायचो, फक्त बदललेल्या ओळी पिवळ्या करून, नवीन काही लिहायचं नाही.

गळती शेवटी २१ एप्रिलला निघाली, कॅन्टीनच्या मागं, गंजलेल्या जोडावर. मुदतवाढीचं पत्र ७ एप्रिललाच दिलेलं होतं. २३ तारखेला पंप ऑटोवर ठेवून, कोणालाही पंप रूममधे न पाठवता, गच्चीवरचा हायड्रंट खोलला. मेन पंप आपोआप सुरू झाला, गेजवर ३.६ किलो. जॉकीच्या वहीत त्या दिवशी २४ तासांत दोनच नोंदी होत्या. त्या वहीच्या पानाचा फोटो, गेजचा फोटो आणि आवक शिक्क्याचं पान एकत्र लावून फाईल ठेवली आहे, जुलैच्या फॉर्म बीला एजन्सी आली की तीच आधी दाखवायची आहे.